खीर बुडाला लागली? आधी डाव बाजूला ठेवा

खीर करपते एका मिनिटात, पण वाया जाते ती त्याच्या पुढच्या मिनिटात. वास आल्याबरोबर आपण डाव हातात घेतो आणि तळ घासायला लागतो. लागलेलं सुटावं म्हणून घासतो आणि ते सुटतंही, पण सुटून जातं कुठं? सगळ्या खिरीत. तोवर जे एका जागी चिकटून गप बसलेलं होतं, ते आपणच हातानं दोन लिटर दुधात कालवतो.

ही सवय लहानपणची आहे, असं मला वाटतं. सायीच्या दुधाचं पातेलं रिकामं झालं की खरवडीसाठी भावंडांत भांडणं व्हायची. ती तांबूस, खमंग खरवड चमच्यानं काढून खाण्यात जी मजा होती, ती नुसत्या दुधात नव्हती. त्यामुळे भांड्याला चिकटलेलं काढायचंच, हे हाताला पाठ आहे. खीर करपली की नेमकं हेच विसरावं लागतं.

मी हे शिकले लातूरच्या एका वसतिगृहात, आणि शिकवलं ते आमच्याच वयाच्या एका पोरीनं. उदगीरची होती, म्हणून सगळ्या तिला उदगीरच म्हणायच्या. तिनं त्या रात्री काय केलं ते सांगत सांगतच पायऱ्या सांगते, म्हणजे कुठली गोष्ट कशासाठी हे लक्षात राहील.

दिवस वेळा अमावस्येचा होता. लातूर-धाराशिवकडं येळवशीला घरं ओस पडतात, सगळा गाव शेतात जेवायला असतो. भज्जी, उंडे, आंबील आणि गव्हाची खीर. आमची दुसऱ्या दिवशी चाचणी होती, त्यामुळे गावाला जाता आलं नाही. मेसवाल्या मावशीसुद्धा आपल्या गावी गेलेल्या. नऊजणींनी वर्गणी काढली आणि खीर करायचं ठरवलं. गव्हाची जमणं शक्य नव्हतं. गहू भिजवा, कांडा, कोंडा पाखडा, मग तासन्‌तास शिजवा, आणि आमच्याकडं होती एक कॉइलची शेगडी, तीही रेक्टर मॅडमपासून पलंगाखाली लपवलेली. म्हणून तांदळाची खीर ठरली. दोन लिटर दूध, शंभर ग्रॅम तांदळाची जाडसर कणी, दोनशे ग्रॅम साखर, वेलदोडे. भांडं म्हणजे कुणीतरी घरून आणलेलं स्टीलचं पातेलं, पत्र्यासारखं पातळ.

तासभर सगळं ठीक चाललं. दूध आटत आलं, कणी शिजली. मग माझ्या रूममेटनं साखर एकदम एका ठिकाणी ओतली आणि तेवढ्यात तिला घरून फोन आला. शेतातून सगळे बोलत होते, एकेकाला फोन देत होते. तीन-चार मिनिटं गेली असतील.

खीर का लागते, ते इथंच सांगून टाकते. पातेल्यात पाणी आहे तोवर दूध शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पण शिजलेली कणी जड असते, ती खाली बसते. साखरेचा ढीगही तळाशीच विरघळून घट्ट पाक होतो. दुधातली प्रथिनं गरम धातूला चिकटतात, त्यांचा पातळ थर बसतो. हलवणं थांबलं की या गाळातलं पाणी उडून जातं आणि वरचं दूध तिथपर्यंत पोचत नाही. मग तेवढ्या जागेचं तापमान चढत जातं. आधी तांबूस, मग तपकिरी, मग काळं. वरून खीर मात्र पांढरीशुभ्र, काही झालंच नाही अशी दिसते. आमच्या कॉइलचा आकारच तळावर उमटला होता, हे सकाळी भांडं घासताना दिसलं.

कसं ओळखायचं

नाकाच्या आधी हाताला कळतं. डाव तळावरून फिरवताना तो गुळगुळीत सरकायला हवा. एका जागी अडकल्यासारखा किंवा रवाळ लागला की समजा, धरायला लागलीय. या वेळी वास खव्यासारखा गोड आणि खमंग असतो, त्यामुळे आपण फसतो. छान आटतेय, असं वाटतं. खरं तर इथंच पातेलं उतरवलं तर पुढचं काहीच करावं लागत नाही.

त्यानंतर वास बदलतो. गोडपणा जाऊन धुरकट, नाकात टोचणारा होतो. खीर सगळीकडून न उकळता एकाच जागी फटफट उडायला लागते, कारण तिथं खाली वाफ कोंडलेली असते. आणि डाव फिरवला असेल तर तपकिरी पापुद्रे वर येतात. पापुद्रे दिसले, म्हणजे तळ घासला गेलाय. हात तिथंच थांबवा.

आम्हाला वास आला तो या दुसऱ्या, धुरकट अवस्थेतला. रूममेट फोन टाकून धावली आणि डाव पातेल्यात घातला. उदगीर दारातूनच ओरडली, "हलवू नको गं! हात काढ आधी!"

"माय, खाली लागली की!"

"लागली तर लागू दे. ती खालचीच हाय, तिला वर कशाला आणायलीस?"

पहिलं काम: पातेलं विस्तवावरून काढा

नुसती शेगडी बंद करून भागत नाही. गॅस असेल तर ज्योत विझते, पण खालची जाळी तापलेली असते. कॉइल तर बंद केल्यावरही कितीतरी वेळ तापलेलीच असते. इंडक्शनची काच भांड्याच्या उष्णतेनं तापलेली असते. पातेलं तिथंच राहिलं तर करपणं चालूच राहतं. उदगीरनं बटण दाबायच्याही आधी ओढणीची घडी करून पातेलं उचललं आणि फरशीवर ठेवलं. सांडशी आमच्याकडं नव्हतीच. (ओढणी सुती होती म्हणून बरं. नायलॉनची असती तर हाताला चिकटली असती. घरी असाल तर सांडशीच घ्या.)

उचलताना आणि ठेवताना हिसका देऊ नका. आपटून ठेवलं तरी तळाचे पापुद्रे सुटतात.

झाकण ठेवू नका

वास खोलीभर पसरू नये म्हणून आपण पटकन झाकण घालतो. रेक्टरच्या भीतीनं आमच्यातली एक ताट घेऊन धावलीच होती. पण झाकणाखाली करपट वाफ कोंडते, झाकणाला थंड होऊन थेंब धरते आणि ते थेंब परत खिरीत पडतात. उघडंच ठेवा, खिडकी उघडा, पंखा लावा.

दुसरं भांडं आणि ओतणं

आता घाई करायची ती इथं. खीर जितका वेळ त्या करपलेल्या थरावर उभी राहील, तितका वास दुधात चढत जाईल. दुधातलं तूप वास फार लवकर धरतं, आणि एकदा धरला की सोडत नाही. शिवाय न हलवता ठेवलेल्या खिरीत कणी खाली बसत जाते, म्हणजे चांगला भाग आपणहून करपलेल्या भागावर जाऊन टेकतो. त्यामुळे आधी चव बघू, मग ठरवू, असं करू नका. आधी ओता, चव नंतर. दुसरं भांडं मिळायला वेळ लागणार असेल तरच करपलेलं पातेलं तोवर परातीत थंड पाण्यात टेकवून ठेवा, म्हणजे तळ निवतो. स्टील किंवा अॅल्युमिनियमला हे चालतं. मातीच्या किंवा काचेच्या भांड्याला नाही, तडा जाईल.

भांडं स्वच्छ हवं, हे सांगायला नको, पण त्याला मसाल्याचा वास नसावा हे मात्र सांगायला हवं. आम्हाला पहिल्यांदा मिळाला तो लोणच्याचा रिकामा डबा. उदगीरनं हुंगला आणि परत दिला. मग शेजारच्या खोलीतून तीन लिटरचा कुकर आला. तिनं तो पाण्यानं आतून विसळला आणि पुसला नाही. ओलसर भांड्यात दूध पटकन धरत नाही, हे तिला आजीनं सांगितलेलं.

ओतण्याचीही रीत आहे. पातेलं एकदम तिरपं करून भळकन ओतलं तर खिरीचा लोट तळावरून वाहतो आणि थर ओढून नेतो. तिनं आधी मोठ्या डावानं वरवरची खीर काढली. डाव पृष्ठभागाखाली बोटभरच बुडवायचा, तळाच्या दिशेनं न्यायचाच नाही. अर्धीअधिक खीर अशी गेली. मग पातेलं हलकं झाल्यावर ते दोन्ही हातांनी हळूहळू कलंडवलं, धार बारीक ठेवली, आणि धार कुकरच्या कडेवरून आत सोडली. कुणीतरी डावानं कडेची साय खाली ओढायला गेली तर तिनं कोपरानं तिचा हात बाजूला केला.

सगळ्यात अवघड काम पुढंच असतं. थांबायचं कधी? तळाशी बोटभर जाडीची खीर राहिली की थांबायचं. या शेवटच्या भागातच सगळ्यात जास्त कणी असते, सगळ्यात घट्ट, सगळ्यात चांगली दिसणारी. जीव तुटतो.

"अगं, तांदूळ सगळे खालीच राहायलेत!"

"राहू दे. तेवढे गेले म्हण."

पाव लिटरच्या आसपास खीर तिनं पातेल्यातच सोडली. हा तोटा धरूनच चालायचं. खीर पातळ असेल तर बोटभर सोडलं तरी पुरतं. घट्ट असेल, म्हणजे शेवयांची किंवा गव्हाची, तर ती कलंडवून ओततच नाहीत, कारण ती गोळा होऊन तळासकट येते. तिला वरून थराथरानं डावानं उचलायचं आणि खाली दोन बोटं सोडून द्यायची.

चव कुणी बघायची

करपलेलं पातेलं आधी खोलीबाहेर न्या. ते जवळ असलं की आपण पांढरी खीर खात असतो आणि नाक मात्र त्या पातेल्याचा वास घेत असतं. आम्हा सगळ्यांना चव करपटच लागली, रडकुंडीला आलो होतो. उदगीर म्हणाली, आपली नाकं आता कामाची नाहीत. तिनं पातेलं मोरीत ठेवलं आणि वरच्या मजल्यावरून, जिला काही माहीतच नव्हतं अशा एका मुलीला बोलावून आणलं. वाटीत दोन चमचे खीर काढून ती कोमट होऊ दिली. फार गरम खिरीत जीभ भाजते आणि कडवटपणा कळत नाही. ती मुलगी म्हणाली, "छान झालीय की. बासुंदीसारखी लागायली थोडी."

बाहेरच्या माणसानं करपट म्हटलं तर मान्य करा, आणि नाही म्हटलं तर तेही मान्य करा.

थोडा वास राहिलाच तर

इथं प्रत्येक घरात एक उपाय असतो. कुणी विड्याचं पान टाकतं, कुणी ब्रेडचा तुकडा. पानाचा स्वतःचाच वास तीव्र असतो, त्यामुळे करपट वास थोडा झाकला जातो, पण तो जात नाही, आणि खीर पानाची लागते. ब्रेडनं काही होतं, असा माझा अनुभव नाही.

उपयोगी पडतं ते ताजं दूध. वेगळ्या भांड्यात तापवलेलं पाव लिटर दूध आम्ही दीड लिटर खिरीत घातलं. वास पातळ होतो, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून गरम दूधच घाला, आणि एक उकळी येईपर्यंत सतत हलवा. वेलदोडे नेहमीइतकेच, आणि जायफळ असेल तर चिमूटभर किसून. वेलदोड्यांची मूठ उपडी केली तर खाणाऱ्याला वेलदोडा आणि करपट, दोन्ही वास वेगवेगळे लागतात. साखर वाढवू नका. गोड वाढलं की कडू लपतं असं वाटतं, पण पहिला घास गोड आणि शेवट कडू, अशी खीर होते.

गुळाचं मात्र वेगळं. गुळाला स्वतःचा काळसर, भाजका स्वाद असतो, त्यात हलका करपटपणा मिसळून जातो. आपल्याकडची गव्हाची खीर थोडी लागली तरी फारसं कळत नाही ते यामुळेच. पण दुधाच्या उकळत्या खिरीत गूळ टाकलात तर दूध फाटेल. उतरवा, कोमट होऊ द्या, मग किसलेला गूळ घाला आणि परत उकळू नका. आणि हे तेव्हाच, जेव्हा साखर अजून घातलेली नाही.

आता जिथं काहीच करता येत नाही, ते. पातेल्यातून धूर आला असेल, काळे कण सगळ्या खिरीत दिसत असतील, आणि कोमट चमचाभर खीर गिळल्यावर घशाशी कडू राहत असेल, तर ती गेली. तपकिरी पापुद्रे दोन-चार असतील तर चमच्यानं वेचून काढता येतात, ते खरवडीसारखेच असतात. काळे कण कडू असतात, आणि कणीच्या किंवा शेवयांच्या खिरीत ते गाळूनही निघत नाहीत, कारण गाळणीत खीरच अडकते. अशा खिरीवर आणखी अर्धा लिटर दूध घालणं म्हणजे दूधही घालवणं.

पुन्हा शेगडीवर ठेवायची असेल तर

खूपजणी इथं दुसऱ्यांदा फसतात. ओतून वाचवलेली खीर सुरुवातीच्या दुधापेक्षा घट्ट झालेली असते आणि तिच्यात साखर असते, त्यामुळे ती पहिल्यापेक्षा लवकर लागते. आच मंद ठेवा, आणि पातेल्याखाली लोखंडी तवा घाला, म्हणजे आच एकाच जागी लागत नाही. कुकरचं बूड जाड असल्यामुळे आम्हाला तवा लागला नाही, पण कॉइल दर मिनिटाला चालू-बंद करत होतो. तळ सपाट असेल तर गोल डावापेक्षा लाकडी उलथनं बरं. डावाचा तळाला एक ठिपकाच टेकतो, उलथन्याची सगळी कड टेकते. आता तळाला टेकवून हलवायचं, कारण भांडं नवं आहे, खाली काही लागलेलं नाही. न घासण्याचा नियम फक्त करपलेल्या भांड्यापुरता. आमच्यातली एक या नव्या कुकरमध्येसुद्धा वरवरच डाव फिरवत होती, उदगीरनं तिला उठवलं.

साखर राहिली असेल तर ती आता, शेवटी, थोडी थोडी घाला आणि विरघळेपर्यंत हात थांबवू नका.

नऊजणींना सपाट वाटीभर खीर आली, आणि दहावी वाटी वरच्या मजल्यावरच्या त्या मुलीला द्यावी लागली. कणी कमी होती. माझ्या रूममेटनं घरी फोन करून खीर मस्त झाली म्हणून सांगितलं, तेव्हा उदगीर तिच्याकडं बघत होती, पण काही बोलली नाही.

ते पातेलं

त्याच रात्री घासायला बसू नका, हात दुखतील आणि स्टीलवर चरे पडतील. चऱ्यांत पुढच्या वेळी दूध आणखी लवकर धरतं. उरलेली खीर टाकून द्या, भांड्यात करपलेला भाग बुडेल इतकं पाणी घाला, दोन चमचे खायचा सोडा टाका, पाच-सात मिनिटं उकळा आणि रात्रभर तसंच ठेवा. अॅल्युमिनियमचं भांडं असेल तर सोडा नको, ते काळं पडतं. नुसतं पाणी उकळा आणि भिजू द्या. सोडा नसेल तर स्टीललाही नुसतं पाणी चालतं, फक्त दोनदा करावं लागतं. आमच्याकडं सोडा कुठला, आम्ही नुसतं पाणी उकळून ठेवलं. सकाळी लाकडी उलथन्यानं एका कडेनं उचललं तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा अख्खा थर सुटून आला, त्यावर कॉइलच्या गोल गोल रेघा. खाली फिकट तपकिरी वेटोळं राहिलं, ते पुढं महिनाभर दिसत होतं, आणि पातेलं जिचं होतं ती दर वेळी चहा करताना ते आम्हाला दाखवायची.